काकूंचे पैसे ‘गेलेत’ पण आले नाहीत, आणि वहिनींचा दाखला 36 हजारांचा

*प्रश्न: माझा चुलत भाऊ फेब्रुवारी 2025 मध्ये आजारपणात वारला. टेम्पोवर ड्रायव्हर होता. घरी वहिनी (वय 38), दोन मुलं (13 आणि 9) आणि काकू (वय 67, त्याही विधवा). दीड एकर कोरडवाहू. काकूंचं श्रावणबाळ मंजूर झालंय, आदेशावर ‘गट अ’ लिहिलंय, पण तीन महिने खात्यात काहीच नाही. तहसीलमध्ये म्हणतात आमच्याकडून पैसे गेलेत, बँक म्हणते आले नाहीत. वहिनींचं निराधारचं काम उत्पन्नाच्या दाखल्यावर अडलंय. दाखला 36 हजारांचा निघाला आणि 21 हजारांच्या वर चालत नाही म्हणतात. त्यांना लाडकी बहीणचे पैसे मिळतात. मी बाहेरगावी असतो, फोनवरून कुणाला काय सांगू तेच कळत नाही.*

तहसीलच्या संजय गांधी शाखेत मी अकरा वर्षं अव्वल कारकून होतो. आता निवृत्त आहे, पण आजूबाजूच्या वाड्यांवरचे लोक अजून पिशवीत कागद घेऊन घरी येतात. आपण आधी काकूंचं पाहू, कारण ते लवकर सुटण्यासारखं आहे. त्यांच्या आदेशावरच्या ‘गट अ’ या दोन अक्षरांत वहिनींच्या अडचणीचाही एक धागा आहे, त्याकडे नंतर येतो.

तुमच्या काकूंच्या बाबतीत तहसीलचा माणूस आणि बँकेचा माणूस, दोघंही बहुतेक खरं बोलताहेत. हे कसं, ते समजायला पैसे येण्याची वाट बदलली आहे हे लक्षात घ्यावं लागेल. पूर्वी आम्ही तहसीलमध्ये गावनिहाय यादी करायचो. कोषागारातून बिल पास झालं की यादी आणि रक्कम बँकेच्या शाखेत जायची आणि यादीतल्या खाते क्रमांकावर पैसे पडायचे. त्या काळी खाते क्रमांकातला एक आकडा चुकला की महिनाभर धावपळ असायची. 2024 च्या डिसेंबरपासून राज्याने या योजनांचे पैसे थेट लाभ हस्तांतरणाने, म्हणजे डीबीटीने द्यायला सुरुवात केली. या पद्धतीत पैसा खाते क्रमांक पाहत नाही, आधार क्रमांक पाहतो. अर्जाला जोडलेल्या पासबुकाची झेरॉक्स फायलीत असते, पण पैसे कुठे जायचे हे ती झेरॉक्स ठरवत नाही.

मग कोण ठरवतं? एनपीसीआय नावाची संस्था आहे, बँकांमधले व्यवहार जोडून देणारी. तिच्याकडे एक मोठी नोंदवही आहे असं समजा. त्या वहीत प्रत्येक आधार क्रमांकासमोर एकाच बँकेचं नाव असतं. सरकारने काकूंच्या आधारवर पैसे सोडले की ही वही बघितली जाते, समोर जी बँक असेल तिच्याकडे पैसे जातात आणि ती बँक आपल्याकडच्या काकूंच्या खात्यात ते टाकते. एखाद्याची चार बँकांत खाती असली आणि चारही ठिकाणी आधारची झेरॉक्स दिलेली असली, तरी वहीत नाव एकाचंच. बहुतेक वेळा जिथे सगळ्यात शेवटी संमती दिली, त्या बँकेचं.

इथेच गावातली माणसं फसतात. बँकेतला कर्मचारी कॉम्प्युटरमध्ये बघून सांगतो, ‘आजी, तुमचं आधार लिंक आहे.’ ते खोटं नसतं. ओळखीचा पुरावा म्हणून आधार त्या खात्याला जोडलेलं असतं. पण त्या वहीत नाव चढवणं, ज्याला बँकवाले सीडिंग म्हणतात, ही वेगळी गोष्ट आहे आणि त्यासाठी खातेदाराची वेगळी संमती लागते. म्हणून बँकेत ‘आधार लिंक आहे का’ असं विचारूच नका. ‘डीबीटीसाठी आधार सीडिंग याच खात्याला आहे का’ असं विचारायचं. शब्द नेमका असला की उत्तरही नेमकं येतं.

आमच्या भागातल्या एका म्हातारीची गोष्ट सांगतो. पाच महिने पैसे नाहीत. मुलगा तहसील आणि बँक यांच्यामध्ये हेलपाटे घालून वैतागलेला. माझ्याकडे आल्यावर मी एकच विचारलं, ‘मागच्या दोन-तीन वर्षांत आजींनी कुठे अंगठा दिला होता?’ बराच विचार केल्यावर आठवलं. बाजारच्या दिवशी एक पोरगा छत्री लावून सिमकार्ड देत होता. सिमबरोबर त्याने एका पेमेंट बँकेचं खातंही काढून दिलं होतं. पासबुक नाही, कार्ड नाही, त्यामुळे घरात कुणाला त्या खात्याचा पत्ताच नव्हता. वहीत मात्र आजींच्या आधारसमोर त्याच बँकेचं नाव चढलेलं. पाच महिन्यांचे साडेसात हजार रुपये तिथे सुखरूप पडून होते.

तुमच्या काकूंचंही असंच असेल असं मी छातीठोकपणे सांगत नाही, पण ‘गेलेत’ आणि ‘आले नाहीत’ ही दोन वाक्यं एकत्र ऐकली की मी पहिला संशय हाच घेतो. तपासायला कुठे जावं लागत नाही. काकूंच्या आधारला मोबाइल नंबर जोडलेला असेल तर myaadhaar.uidai.gov.in या संकेतस्थळावर आधार क्रमांक आणि मोबाइलवर आलेला ओटीपी टाकून आत जायचं आणि Bank Seeding Status वर बोट ठेवायचं. तिथे बँकेचं नाव आणि सीडिंग चालू आहे की नाही ते दिसतं. हे तुम्ही बाहेरगावी बसूनही करू शकता. काकूंनी किंवा वहिनींनी फोनवर ओटीपी तेवढा सांगायचा. मात्र आधारचा ओटीपी घरच्या माणसाशिवाय कुणालाही सांगायचा नाही, हे त्यांना बजावून ठेवा. आधारला मोबाइलच जोडलेला नसेल तर काकूंना आधार केंद्रावर नेऊन नंबर जोडून घ्यावा लागेल. पुढेही तो लागणारच आहे, तेव्हा तो हेलपाटा वाया जात नाही.

आता जे दिसेल त्यावर पुढची वाट ठरते. दुसऱ्याच बँकेचं नाव दिसलं आणि समोर Active असेल, तर पैसे त्या बँकेत आहेत. काकूंना आधार कार्ड घेऊन त्या बँकेच्या शाखेत किंवा केंद्रावर न्या, उतारा मागा, रक्कम काढा. त्यानंतर ठरवा की पुढचे पैसे कुठे यायला हवेत. माझं मत विचाराल तर म्हाताऱ्या माणसासाठी गावातून चालत जाता येईल अशी शाखा आणि छापील पासबुक असलेलं, फक्त त्यांच्या एकट्याच्या नावाचं खातं बरं. त्या बँकेत डीबीटीसाठी आधार सीडिंगचा संमती अर्ज भरून द्यायचा. त्यात आधीची बँक कोणती हे विचारलेलं असतं, तिथे आत्ता दिसलेल्या बँकेचं नाव लिहायचं. काही दिवसांनी पुन्हा त्याच संकेतस्थळावर जाऊन नाव बदललं का ते पाहायचं. अर्ज दिला म्हणजे काम झालं असं धरू नका. टेबलावरच राहिलेले असे अर्ज मी पुष्कळ पाहिलेत. आणि एक लक्षात ठेवा, सीडिंग बदललं की काकूंच्या आधारवर येणारी इतर सरकारी रक्कमही, जशी गॅसची सबसिडी, नव्या खात्यात यायला लागते.

बँक नेहमीचीच दिसली आणि Active असली, तर त्या बँकेत काकूंची दोन खाती आहेत का ते बघा. जनधन मोहिमेत काढलेलं एक आणि बचत गटाच्या वेळचं एक, असं बऱ्याच घरांत सापडतं. पासबुक भरताना एकच भरलेलं असतं. दोन वर्षं खातेदाराने व्यवहार केला नाही तर खातं निष्क्रिय होतं, तेही तपासा. केवायसीचे कागद देऊन ते पुन्हा चालू करता येतं आणि त्यासाठी बँकेने शुल्क घ्यायचं नसतं.

तिसरी शक्यता म्हणजे सीडिंगच नाही किंवा बंद आहे. मग पैसे कुठेच पोचलेले नाहीत, ते फेल होऊन मागे गेलेत. तशात सीडिंग करून घ्या आणि लगेच तहसीलला जाऊन कोणत्या महिन्यांचे पैसे फेल झाले ते शाखेतून काढून घ्या. ते महिने लिहून एक साधा अर्ज द्या आणि पोच घ्या. मागचं आपोआप येईल म्हणून वाट बघत बसू नका.

तहसीलमध्ये ‘पैसे गेलेत’ या उत्तरावर परत फिरायचं नाही. आमच्याकडे ‘गेलेत’ याचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो की त्या महिन्याची गावाची यादी पुढे गेली. काकूंच्या नावापुढे काय दिसतं ते विचारायला सांगा. आधार पडताळणी झाली आहे की बाकी आहे, आणि पैसे कोणत्या बँकेत जमा दाखवताहेत किंवा फेल दाखवताहेत. पडताळणी बाकी असेल तर पैसे निघालेलेच नसतात. त्याचं कारण बहुधा नाव असतं. फायलीत एक नाव, आधारवर दुसरं, किंवा मधलं नाव नवऱ्याचं की वडिलांचं यात घोळ. तसं असेल तर बँकेत कितीही फेऱ्या मारा, उपयोग नाही.

पैसे यायला लागले की आणखी एक प्रश्न पडेल, म्हणून आत्ताच सांगतो. 1500 रुपये एकरकमी दिसतीलच असं नाही. ‘गट अ’ मध्ये राज्याचा श्रावणबाळचा हिस्सा आणि केंद्राच्या इंदिरा गांधी वृद्धापकाळ योजनेचा हिस्सा असे दोन पैसे एकत्र असतात. काकूंच्या वयाला केंद्राचे 200 आणि राज्याचे 1300. हे दोन वेगळ्या तारखांना पडू शकतात. 1300 दिसले की लोक म्हणतात, मधल्या मध्ये 200 खाल्ले. तसं नसतं, पुढच्या पानावर बघा. केंद्राचा हिस्सा वयाच्या 80 व्या वर्षापासून 500 होतो.

पैसे गावातल्या मिनी बँकेत अंगठा लावून काढणार असाल तर एवढंच पाहा की प्रत्येक वेळी पावती मिळते आणि महिन्यातून एकदा शाखेत जाऊन पासबुक भरलं जातं. ‘अंगठा लागला नाही, उद्या या’ असं सांगितलं त्या दिवशी तर नक्की भरा.

आणि वर्षातून एकदा हयातीची पडताळणी. काकू जिवंत आहेत याची खात्री झाली नाही तर पुढचं अनुदान थांबतं. तलाठी किंवा तहसीलमधून निरोप आला की टाळाटाळ नको. माणूस समोर बसलेला आणि कागदोपत्री बंद, अशी प्रकरणं मला दर वर्षी पाहावी लागत.

आता वहिनींकडे वळू.

विधवेसाठी दोन योजना आहेत, पण त्या दोन्ही एकाच टेबलावर चालतात. राज्याची संजय गांधी निराधार अनुदान योजना, जी 1980 पासून आहे, तिच्यात 65 वर्षांखालची कोणत्याही वयाची विधवा बसू शकते. केंद्राची इंदिरा गांधी विधवा निवृत्तीवेतन योजना वयाच्या 40 पासून आणि फक्त दारिद्र्यरेषेखालच्या यादीतल्यांना. तीत केंद्राचे 300 आणि उरलेले राज्याचे मिळून एकूण तेवढेच 1500 होतात. वहिनी 38 च्या आहेत म्हणजे आत्ता त्यांचा अर्ज संजय गांधी योजनेत. कोणत्या नावाखाली बसवायचं हे कार्यालय बघतं, तुम्ही त्याची काळजी करू नका.

तुमचा अडथळा 21 हजारांचा. माझं स्पष्ट मत आहे की ही मर्यादा फारच कमी आहे. 2025-26 मध्ये रोजगार हमीची मजुरी दिवसाला 312 रुपये आहे. बाई वर्षात 68 दिवस रोजगार हमीवर गेली की 21 हजार ओलांडले. हे टेबलाच्या दोन्ही बाजूंना सगळ्यांना माहीत असतं. पण मी तुम्हाला खोटा दाखला काढायला सांगणार नाही. एकतर तो तुमच्या स्वयंघोषणापत्रावर उभा असतो, आणि पुढे तक्रार झाली तर वसुली बाईच्या नावाने निघते, दाखला काढून देणाऱ्याच्या नाही.

त्यापेक्षा 36 हजार आले कुठून ते बघा. दाखल्यावर कोणतं आर्थिक वर्ष आहे ते वाचा. मला जवळजवळ खात्री आहे की ते 2024-25 असेल, कारण चालू वर्षाचा नाही, संपलेल्या वर्षाचा दाखला निघतो. त्या वर्षात एप्रिल ते जानेवारी, पूर्ण दहा महिने तुमचे भाऊ हयात होते आणि टेम्पो चालवत होते. म्हणजे ज्या माणसाच्या जाण्यामुळे बाई निराधार झाली, त्याचीच कमाई तिला अपात्र ठरवतेय. तलाठ्याने चूक केली असं म्हणता येत नाही, त्या वर्षाचं उत्पन्न त्याने बरोबरच धरलंय. फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलेल्यांच्या घरी हा घोळ हमखास होतो.

यावर सरळ उपाय असा. 31 मार्चला 2025-26 संपलं की एप्रिलमध्ये नव्याने दाखल्याचा अर्ज करायचा. सेतू किंवा आपले सरकार केंद्रावर अर्ज देताना भावांच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत जोडायचीच, आणि वहिनींनी स्वतः तलाठ्याकडे, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, जाऊन जबाब द्यायचा. काय कमावलं, किती दिवस मजुरी मिळाली, दीड एकरात काय पिकलं, शेत स्वतः केलं की वाट्याने दिलं, एखादी म्हैस आहे का, सगळं खरं सांगायचं. तलाठी समोर माणूस नसेल तर जमिनीवर ठोकताळ्याने आकडा धरतो आणि त्यात मजुरी मिळवतो. समोर बाई बसली की आकडा खऱ्याच्या जवळ येतो. तो 21 हजारांच्या आत येईल का, हे मला इथून सांगता येणार नाही. ते त्यांच्या मजुरीच्या दिवसांवर आहे.

पण एप्रिलपर्यंत थांबण्याआधी दुसरा रस्ता चाचपून बघा, आणि इथे काकूंचा ‘गट अ’ कामाला येतो. श्रावणबाळमध्ये दोन गट आहेत. ज्यांचं नाव दारिद्र्यरेषेखालच्या यादीत आहे ते ‘अ’, आणि ज्यांचं नाही पण उत्पन्न 21 हजारांच्या आत आहे ते ‘ब’. काकू ‘अ’ मध्ये आहेत, याचा अर्थ तुमच्या काकांचं कुटुंब त्या यादीत आहे. संजय गांधी योजनेला उत्पन्नाचा दाखला *किंवा* दारिद्र्यरेषेच्या यादीतला साक्षांकित उतारा, दोन्हीपैकी एक लागतो. काकूंची फाइल करताना ही यादी कुणीतरी काढली होती, वहिनींची करताना मात्र कुणाला सुचलं नाही. टेबल तेच, पण फाइल वेगळी असली की असं होतं.

यात एक अडचण आहे आणि ती आधीच सांगून ठेवतो. ही यादी जुन्या सर्वेक्षणाची आहे. त्यात कुटुंबप्रमुख म्हणून काकांचं नाव असेल, भावाचंही असेल, पण वहिनी लग्न होऊन नंतर आल्या असतील तर त्यांचं नसेल. अशा वेळी ग्रामसेवकाकडून, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, उतारा घेताना त्यात भावाचं नाव आणि कुटुंबाचा क्रमांक दिसेल असं बघा. त्याच्या जोडीला एकत्र शिधापत्रिका आणि मृत्यूचा दाखला लावून वहिनी त्याच कुटुंबातल्या सून आहेत हे दाखवा. आमच्या शाखेत आम्ही हे धरत होतो. तुमच्या तालुक्यात काय धरतात ते नायब तहसीलदारांना विचारून घ्या. पिवळं रेशनकार्ड म्हणजे ही यादी नव्हे, हेही ध्यानात ठेवा. कार्ड पुरवठा शाखेचं, यादी ग्रामविकासाची. पिवळं कार्ड दाखवून ‘आम्ही दारिद्र्यरेषेखालचे’ म्हणणारे रोज यायचे आणि परत जायचे.

बाकी कागद अवघड नाहीत. भावांच्या मृत्यूचा दाखला, वहिनींच्या वयाचा पुरावा म्हणजे जन्माचा किंवा शाळा सोडल्याचा दाखला, महाराष्ट्रात किमान 15 वर्षं राहत असल्याचा रहिवासी दाखला, शिधापत्रिका, आधार, पासबुक, मुलांचे जन्माचे दाखले, फोटो आणि स्वयंघोषणापत्र. शाळेचा दाखला नसेल तर शिधापत्रिका किंवा मतदार यादीतलं वय, आणि तेही गोंधळाचं असेल तर ग्रामीण रुग्णालयाचा वयाचा दाखला चालतो. या ढिगात माझं लक्ष नेहमी एकाच गोष्टीवर असायचं, ती म्हणजे नावं. मृत्यूच्या दाखल्यावर ‘बाळू’ आणि आधारवर ‘बाळासाहेब’, वहिनींच्या आधारवर माहेरचं आडनाव, शाळेच्या दाखल्यावर तिसरंच नाव. अर्ज देण्याआधी एका संध्याकाळी सगळे कागद ओळीने मांडून नावं जुळवा आणि आधी आधारवरचं नाव दुरुस्त करून घ्या, कारण पैसे शेवटी त्याच नावावर येणार आहेत. मृत्यूची नोंद झालेली आहे ना, हेही बघा. ग्रामपंचायतीत ती 21 दिवसांत करायची असते. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो आणि काम लांबतं.

अर्ज दिल्यावर पोच घ्या. तलाठ्याची चौकशी होते, मग प्रकरण तालुक्याच्या संजय गांधी समितीसमोर जातं. बैठक कधी होईल हे कारकुनाच्या हातात नसतं. एका वर्षी आमच्याकडे ती कित्येक महिने झाली नव्हती आणि लोक शिव्या मात्र मला देत होते. बैठक झाली की मंजूर-नामंजूर यादी लागते. नामंजूर असेल तर कारण लेखी मागा. बऱ्याचदा ते ‘उत्पन्नाचा दाखला मुदतबाह्य’ इतकं साधं असतं आणि पुढच्या बैठकीत दुरुस्त होतं.

आता लाडकी बहीण. दुसऱ्या सरकारी योजनेतून महिन्याला 1500 किंवा जास्त मिळत असतील तर लाडकी बहीणचा लाभ घेता येत नाही. म्हणजे वहिनींना निराधार मंजूर झालं तरी घरात येणारे पैसे आहेत तेवढेच राहतील. हे ऐकून लोक विचारतात, मग एवढी धावपळ कशाला? प्रश्न रास्त आहे. लाडकी बहीणला कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, निराधारला 21 हजार. आज पैशाच्या हिशेबाने वहिनींचं काही अडलेलं नाही. मी त्यांच्या जागी असतो तर चालू 1500 बंद न करता निराधारचे कागद तयार ठेवले असते. विशेषतः दारिद्र्यरेषेच्या यादीचा रस्ता मोकळा असेल तर अर्जही केला असता, स्वयंघोषणापत्रात लाडकी बहीण चालू असल्याचं लिहून. मंजुरी आली की तेव्हा एक सोडायचं. दोन्ही घेऊन गप्प बसायचं नाही. आधार एकच असल्यामुळे ते आज ना उद्या दिसतं.

त्यापेक्षा तुमच्या प्रश्नात जे आलंच नाही तिकडे मी वहिनींना आधी पाठवीन. मुलं 13 आणि 9 वर्षांची आहेत, वडील गेलेत. महिला व बालविकास विभागाची बालसंगोपन योजना एक पालक गेलेल्या मुलांसाठीही आहे. 18 वर्षांपर्यंत प्रत्येक मुलामागे महिन्याला 2250 रुपये. दोघांचे 4500, म्हणजे ज्या अनुदानासाठी तुम्ही भांडताय त्याच्या तिप्पट. हे तहसीलचं काम नाही, म्हणून तहसीलमध्ये कुणी सांगत नाही. जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात अर्ज करायचा. घरी गृहभेट होते आणि बाल कल्याण समिती आदेश देते.

आणि दारिद्र्यरेषेचा उतारा हातात आलाच, तर संजय गांधी शाखेतच राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचं विचारा. यादीतल्या कुटुंबाचा कमावता माणूस 18 ते 59 वयात गेला असेल तर वारसाला एकदाच 20 हजार रुपये मिळतात. भाऊ फेब्रुवारीत गेलेत, त्यामुळे यात उशीर करू नका, उतारा मिळेल त्याच आठवड्यात जा.

तेव्हा फोनवर आज सांगायचं ते एवढंच: काकूंच्या आधारला कोणता मोबाइल जोडलाय ते बघा आणि ग्रामपंचायतीतून त्या यादीचा उतारा मागा. Bank Seeding Status मध्ये कोणत्या बँकेचं नाव आलं ते इथे लिहा, मग तिथून पुढचं बघू. आधार क्रमांक मात्र इथे टाकू नका.